सायटिकासाठी एपिड्युरल स्टेरॉईड इंजेक्शन: मधून द्यायचं की बाजूने?

कंबरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरते, एमआरआयच्या रिपोर्टात 'डिस्क प्रोलॅप्स' लिहून येतं आणि डॉक्टर म्हणतात, "मणक्यात एक इंजेक्शन देऊन बघू." मग घरी दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक सांगतो की मणक्यात सुई गेली म्हणजे पाय गेला. दुसऱ्याचा मेव्हणा एका इंजेक्शनात खडखडीत बरा झालेला असतो. मी भूलतज्ज्ञ आहे, गोव्यात वेदना-उपचाराची ओपीडी बघतो, आणि ही दोन्ही मतं रोज ऐकतो. हा लेख एकाच प्रकारच्या रुग्णासाठी आहे: चकती सरकल्यामुळे नस चिडली आहे आणि पाय गेले काही आठवडे ठणकतो आहे. नुसती कंबरदुखी असेल तर इथलं बरंचसं तुम्हाला लागू नाही.

इंजेक्शन नेमकं काय करतं हे आधी समजून घेऊ. सरकलेली चकती नसेला दाबते, शिवाय चकतीच्या आतला मऊ गर बाहेर आला की नसेभोवती दाह होतो. स्टेरॉईड हा दाह उतरवतं. चकती जागेवर बसवणं किंवा विरघळवणं त्याच्या हातात नाही. ते काम शरीर स्वतः करतं, बाहेर आलेला गर हळूहळू शोषून घेतं, आणि त्याला आठवडे ते महिने लागतात. बहुतेक लोकांचा सायटिका असाच ओसरतो. इंजेक्शनने मधला काळ सुसह्य होतो, म्हणजे रात्री झोप लागते, चालता येतं आणि घाईत ऑपरेशनचा निर्णय घ्यावा लागत नाही. यापेक्षा मोठं आश्वासन कुणी दिलं तर सावध राहा.

पहिली पायरी: इंजेक्शन आपल्यासाठी आहे का

तीन गोष्टी जुळाव्या लागतात. कंबरेपेक्षा पाय जास्त दुखला पाहिजे. दुखणं एका नसेच्या पट्ट्यातून जाणारं हवं. आणि एमआरआयमध्ये त्याच नसेवर दाब दिसला पाहिजे. तिसरी अट सगळ्यात जास्त वेळा मोडली जाते. चाळिशीनंतर अनेकांच्या एमआरआयमध्ये 'बल्ज', म्हणजे चकतीचा फुगवटा, सापडतो, आणि त्या माणसाला काही दुखतही नसतं. नुसत्या रिपोर्टाला इंजेक्शन द्यायचं नसतं.

कोणती नस हे ओळखणं तसं कठीण नाही. कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडे जात असेल आणि अंगठा वर उचलताना जोर कमी पडत असेल, तर बहुधा एल5, म्हणजे कंबरेच्या पाचव्या मणक्याची नस. कळ पोटरीच्या मागून टाचेकडे, करंगळीकडे जात असेल आणि चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर एस1, म्हणजे तिच्या लगेच खालची, माकडहाडाकडच्या भागातली पहिली नस. सायटिकाचे बहुतेक रुग्ण या दोघांपैकी एका नसेचे असतात.

वेळही महत्त्वाची आहे. साधारणपणे सहा आठवडे गोळ्या आणि झेपेल तेवढी हालचाल करून बघावी. मात्र दुखणं इतकं असेल की रात्र बसून काढावी लागते, तर त्याआधीही इंजेक्शन देता येतं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची 2016 ची मार्गदर्शक सूचना 'नव्या आणि तीव्र' सायटिकासाठीच या उपचाराचा विचार करा असं सांगते. उलट 2025 मध्ये 'बीएमजे'ने प्रसिद्ध केलेली सूचना तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यासाठी अशी इंजेक्शनं देऊ नका म्हणते. वर्षभर जुन्या दुखण्यावर इंजेक्शन सुचवलं गेलं तर "आता का?" हा प्रश्न जरूर विचारा. मणक्याची नळी वयोमानाने अरुंद झाल्यामुळे चालताना दोन्ही पाय भरून येतात, त्या आजारातही याचा फारसा उपयोग नाही. 2014 साली 400 रुग्णांवर झालेल्या अमेरिकी अभ्यासात स्टेरॉईड घातलेलं इंजेक्शन आणि नुसत्या बधिरीचं इंजेक्शन यांत सहा आठवड्यांनी सांगण्यासारखा फरक उरला नव्हता.

आता ज्यात इंजेक्शनचा विचारही करायचा नाही अशी स्थिती. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसण्याची जागा बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होणं, पाऊल लटकं पडणं. यातलं काहीही झालं तर ओपीडीची वाट न बघता 108 ला फोन करा आणि बांबोळीला गोमेकॉच्या आपत्कालीन विभागात जा. शेपटीकडच्या नसांवर दाब आला असेल तर ऑपरेशन तासांच्या हिशेबाने करावं लागतं.

एक रुग्ण

नमुन्यादाखल एक रुग्ण घेऊ. फोंडा तालुक्यातला 51 वर्षांचा बागायतदार, घरचं कुळागर. नारळाची पोती उचलताना कंबरेत कळ आली आणि दोन दिवसांनी ती डाव्या पायात उतरली. आता पाच आठवडे झाले. पोटरीच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखं होतं, रात्री खुर्चीत बसून झोपतो. झोपवून पाय सरळ उचलला की 35 अंशांवर ओरडतो. डावा अंगठा वर उचलण्याची ताकद पाचापैकी चार. एमआरआयमध्ये एल4-एल5 ची चकती डावीकडे बाहेर येऊन एल5 नसेला टेकलेली. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए1सी 7.6. चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवली आहे, 75 मिलिग्रॅम अॅस्पिरिन चालू.

लक्षणं, तपासणी आणि एमआरआय तिन्ही एल5 कडेच बोट दाखवतात. अंगठ्याची ताकद थोडी कमी आहे, पण पाच आठवड्यांत वाढत गेलेली नाही. ती रोज घटत असती तर मी त्याला आधी सर्जनकडे पाठवलं असतं.

दुसरी पायरी: तयारी

सगळ्यात आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. एपिड्युरल जागेत, म्हणजे मज्जारज्जूच्या पिशवीबाहेरच्या फटीत, रक्त साचलं तर मज्जारज्जूवर किंवा नसांवर दाब येतो, म्हणून क्लोपिडोग्रेल साधारण सात दिवस, वॉरफेरिन पाच दिवस आणि अॅपिक्साबान, रिव्हारॉक्साबान यांसारख्या गोळ्या सुमारे तीन दिवस आधी थांबवतात. पण ही गोळी थांबवायची की नाही ते ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं, रुग्णाने मनाने नव्हे आणि इंजेक्शन देणाऱ्याने एकट्यानेही नव्हे. पाय दुखतो म्हणून स्टेंट बंद पडू देणं परवडणारं नाही. आमच्या बागायतदाराच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून अॅस्पिरिन चालूच ठेवली.

दुसरी साखर. स्टेरॉईडने साखर काही तासांतच चढू लागते, पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जास्त असते आणि साधारण आठवड्याभरात उतरते. त्याला घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळ-संध्याकाळ साखर बघायला सांगितलं आणि 300 च्या वर गेली तर फोन करायचं ठरलं. साखर आधीच हाताबाहेर असेल तर इंजेक्शन पुढे ढकलणं शहाणपणाचं.

याशिवाय ताप, दातातला पू, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा सुई घुसवायच्या जागी गळू असेल तर थांबा. गर्भारपणाची शक्यता असेल तर आधी सांगा, कारण हे काम क्ष-किरणांखाली होतं. आधी कधी रंगद्रव्याने किंवा बधिरीच्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील तर तेही सांगा.

दोन वाटा

पहिली वाट मधून जाणारी, इंटरलॅमिनार. पाठीमागून दोन मणक्यांच्या कमानींमधल्या फटीतून सुई एपिड्युरल जागेत जाते. बाळंतपणात वेदना कमी करायला देतात तीच जागा. औषध मज्जारज्जूच्या पिशवीच्या मागच्या बाजूला पडतं आणि वर-खाली पसरतं. दोन्ही पाय दुखत असतील किंवा एकापेक्षा जास्त नसा चिडलेल्या असतील तर हे पसरणं सोयीचं असतं. अडचण एवढीच की चकती पिशवीच्या पुढच्या बाजूला असते. औषध तिथवर पोचेलच असं नाही. म्हणून अनुभवी हात सुई अगदी मध्यरेषेत न घालता दुखऱ्या बाजूला सरकवून घालतात. त्याने पुढच्या भागात औषध जाण्याची शक्यता बरीच वाढते.

दुसरी वाट बाजूची, ट्रान्सफोरामिनल. नस ज्या छिद्रातून बाहेर पडते त्या छिद्राच्या तोंडाशी सुई नेतात. थोडं औषध नेमक्या नसेवर आणि चकतीच्या जवळ पडतं. आधी पाठीचं ऑपरेशन झालं असेल तर मागची जागा चिकटलेली असते, तेव्हा ही बाजूची वाट कामाला येते. एकच नस, एकच बाजू, असा रुग्ण असेल तर माझी पसंतीही हीच.

आमच्या रुग्णाला इथे प्रश्न पडला. "दोतोर, रिपोर्टात वरचा मणका लिहिलाय आणि तुम्ही खालच्या छिद्रात टोचणार?" प्रश्न रास्त होता. एल4-एल5 ची चकती मध्यापासून थोडी बाजूला सरकली की ती तिथून बाहेर पडणाऱ्या एल4 ला सहसा सोडते आणि खाली उतरणाऱ्या एल5 ला गाठते. ही एल5 नस एक मजला खाली, एल5-एस1 च्या छिद्रातून बाहेर येते. म्हणून सुई तिथे. काही जण एल4-एल5 च्या छिद्रातूनही त्या जागेपर्यंत पोचतात, तेही चुकीचं नाही.

मग दोहोंत सरस कोणती? तुलना करणाऱ्या अभ्यासांचा सूर असा की बाजूच्या वाटेने पहिल्या दोन आठवड्यांत आराम किंचित जास्त पडतो, पुढे फरक विरून जातो. मधली सुई दुखऱ्या बाजूला सरकवून दिली तर फरक आणखी कमी होतो. तेव्हा वाटेवरून वाद घालण्यापेक्षा औषध कोणतं आणि चित्र बघून देतात की अंदाजाने, हे विचारणं जास्त मोलाचं.

तिसरी पायरी: टेबलावर काय होतं

रुग्णाला पालथं झोपवतात, पोटाखाली उशी. पूर्ण भूल देत नाहीत, देऊही नये. सुई नसेला लागली तर "पायात कळ आली" असं सांगणारा माणूस जागा हवा. कातडी जंतुनाशकाने पुसून वर बधिरीचं औषध देतात, ते दहा-पंधरा सेकंद चुरचुरतं.

मधल्या वाटेत जाड, बोथट टोकाची टूई सुई वापरतात. मागचा पिवळा स्नायुबंध घट्ट असतो, त्यात सुई असेपर्यंत सिरिंजचा दट्ट्या दाबला जात नाही, आणि एपिड्युरल जागेत शिरताच तो एकदम सुटतो. पण या सुटण्यावर एकट्यावर विसंबू नये, म्हातारपणी स्नायुबंधातही असा खोटा सैलपणा लागतो. म्हणून सी-आर्म या क्ष-किरण यंत्राखाली थोडं रंगद्रव्य सोडून ते पसरतं कसं ते बघतात. मग साधारण 40 ते 80 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन सलाईनमध्ये मिसळून एकूण चार ते आठ मिली देतात.

बाजूच्या वाटेत सुई बारीक, 22 किंवा 25 गेजची. सी-आर्म 20-30 अंश तिरपा करून मणक्याच्या खुंटीच्या, म्हणजे पेडिकलच्या, खालच्या कडेशी ती नेतात, मग सरळ आणि आडव्या चित्रात खोली तपासतात. यानंतरचा क्षण सगळ्यात महत्त्वाचा. रंगद्रव्य सोडताना चित्र चालू हवं, थांबलेलं नव्हे. सुईचं टोक रक्तवाहिनीत असेल तर रंग एका क्षणात वाहून जातो आणि नंतर काढलेल्या चित्रात काहीच दिसत नाही. दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का हे बघणं पुरेसं नाही. कंबरेच्या या इंजेक्शनांवरच्या 2000 सालच्या एका अभ्यासात सुमारे 11 टक्के वेळा सुई रक्तवाहिनीत होती, एस1 ला तर 21 टक्के, आणि निम्म्याहून जास्त वेळा रक्त दिसलंच नव्हतं. रंग नसेच्या कडेने रेघेसारखा वर चढला की जागा बरोबर. मग एक-दोन मिली लिग्नोकेन हे बधिरीचं औषध देऊन मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, पाय हलतोय ना ते बघायचं आणि शेवटी स्टेरॉईड.

आमच्या रुग्णाला डेक्सामेथासोन 8 मिलिग्रॅम दिलं. औषध जाताना त्याला पोटरीपासून अंगठ्यापर्यंत तीच ओळखीची कळ क्षणभर जाणवली, नंतर पाय जड झाला.

डेक्सामेथासोनच का

या उपचारातला सगळ्यात गंभीर धोका इथे दडलेला आहे. मिथाइलप्रेडनिसोलोन आणि ट्रायमसिनोलोन ही औषधं पांढरी, गढूळ असतात, कारण त्यांत न विरघळलेले कण असतात. नसेच्या छिद्रातून कधीकधी एक छोटी धमनी मज्जारज्जूकडे जाते. मोठी आणि नामांकित अशी अॅडमकिविक्झची धमनी बहुधा डावीकडे, छातीच्या शेवटच्या आणि कंबरेच्या पहिल्या मणक्यांच्या भागात असते, पण क्वचित ती खालीही सापडते. सुई अशा धमनीत असताना कणदार औषध गेलं तर ते कण बारीक वाहिन्या बंद करतात आणि मज्जारज्जूचा तो भाग मरतो. पाय कायमचे लुळे पडल्याच्या नोंदी आहेत. असं फार विरळा घडतं, पण घडलं तर परतीचा मार्ग नाही. 2014 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दृष्टी जाणं, पक्षाघात, लुळेपणा आणि मृत्यू यांबद्दल इशारा दिला तो याच साठी.

डेक्सामेथासोन पाण्यासारखं स्वच्छ असतं, त्यात कण नसतात. त्याचा परिणाम लवकर ओसरेल अशी शंका होती, पण थेट तुलना झाली तेव्हा सहा महिन्यांनी आराम जवळपास सारखाच निघाला, फक्त काही जणांना जास्तीचं इंजेक्शन लागलं. त्यामुळे बाजूच्या वाटेने पहिलं इंजेक्शन कणविरहित औषधाचंच असावं, हे आता तज्ज्ञ मंडळींत सर्वमान्य आहे. मधल्या वाटेत कणदार औषध वापरलं जातं आणि तिथे हा धोका बराच कमी आहे.

चौथी पायरी: घरी गेल्यावर

पाय काही तास बधिर, लटका राहू शकतो. स्वतः स्कूटर चालवत फोंड्याला परत जायचं नाही, सोबत कुणीतरी हवं, आणि 24 तास गाडी चालवायची नाही. घराच्या पायऱ्या धरून चढा. दुसऱ्या दिवसापासून चालणं-फिरणं चालू करा, पोती उचलणं नाही.

एक वही ठेवा. पहिल्या दोन तासांत पायाचं दुखणं दहापैकी किती, दुसऱ्या दिवशी किती, आठवड्याने किती आणि दोन आठवड्यांनी किती, एवढंच लिहायचं. पहिल्या दोन तासांचा आकडा बधिरीच्या औषधाचा असतो. रंग बरोबर नसेवर गेलेला असूनही त्या वेळी दुखणं तसूभर हललं नाही, तर बहुधा नस चुकली आहे, किंवा दुखणं खुब्याचं वा दुसऱ्याच कशाचं आहे. तिथे दुसरं इंजेक्शन देऊन काही साधणार नाही, तपासणी पुन्हा करावी. दोन तास आराम, मग दोन दिवस पहिल्यासारखं दुखणं, हे मात्र नेहमीचंच आहे. स्टेरॉईडचा परिणाम दोन ते सात दिवसांत दिसू लागतो.

चेहरा लाल होणं, एखाद-दोन रात्री झोप न येणं, उचकी, पाळी मागे-पुढे होणं हे आपोआप जातं. उभं राहिलं की फुटेल असं दुखणारं आणि आडवं पडलं की थांबणारं डोकं हे मात्र पिशवीला भोक पडल्याचं लक्षण आहे. हे मधल्या वाटेत जास्त होतं. पाणी, विश्रांती, साध्या गोळ्या यांनी बहुधा भागतं, नाहीतर स्वतःचंच रक्त तिथे सोडून भोक बुजवतात. काही दिवसांनी ताप आणि वाढत जाणारी पाठदुखी आली तर पू झाल्याची शंका घ्यायची. बधिरी उतरल्यानंतर पुन्हा पाय लुळा पडू लागला, पाठीत तीव्र कळ आली किंवा लघवी अडली, तर रक्त साचलेलं असू शकतं. या दोन्हींत त्याच दिवशी एमआरआय हवा, उद्यावर ढकलायचं नाही.

आराम किती मिळतो

2020 च्या कॉक्रेन आढाव्यात स्टेरॉईड आणि नकली इंजेक्शन यांच्यातला सरासरी फरक 100 पैकी सुमारे पाच गुण निघाला, तोही सुरुवातीच्या काळातच. हा आकडा वाचून हे सगळं फुकट आहे असं वाटेल. पण सरासरीत वेगवेगळे रुग्ण आणि वेगवेगळ्या पद्धती एकत्र मिसळलेल्या असतात. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात 150 रुग्णांवर, चकतीचाच सायटिका निवडून आणि बाजूच्या वाटेने, अभ्यास झाला. त्यात स्टेरॉईड मिळालेल्यांपैकी 54 टक्के लोकांचं दुखणं महिन्याने निम्म्याहून कमी झालं, नकली किंवा इतर इंजेक्शनांत हे प्रमाण 7 ते 21 टक्के होतं. म्हणजे निवड नेटकी असेल तर निम्म्या लोकांना चांगला आराम आणि उरलेल्या निम्म्यांना नाही, अशी अपेक्षा धरून टेबलावर चढावं.

ऑपरेशनशी तुलनाही झाली आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात 163 रुग्णांपैकी काहींना बाजूच्या वाटेने इंजेक्शन आणि काहींना मायक्रोडिस्केक्टॉमी दिली. 18 आठवड्यांनी दोन गटांच्या कार्यक्षमतेत ठोस फरक सिद्ध झाला नाही. इंजेक्शन घेतलेल्यांतल्या काहींना पुढे ऑपरेशन लागलंच, पण अनेकांचं टळलं.

'तीन इंजेक्शनांचं पॅकेज' हा प्रकार मला पटत नाही. पहिल्याने काय केलं हे कळायच्या आधी तिसऱ्याची तारीख ठरवायला आधार नाही. पहिल्याने चांगला आराम पडून दुखणं परत आलं, तर दुसरं देण्यात अर्थ आहे, तेही किमान दोन आठवडे थांबून. वर्षाला तीन-चारच्या पुढे जाऊ नये, कारण स्टेरॉईडची एकूण मात्रा वाढत जाते, अधिवृक्क ग्रंथी मंदावते आणि हाडंही झिजतात.

आमच्या बागायतदाराच्या वहीत पहिल्या दिवशी आठचे दोन झाले, रात्री पुन्हा सात, दहाव्या दिवशी तीन. साखर दुसऱ्या दिवशी 268 पर्यंत गेली आणि सहाव्या दिवशी नेहमीच्या पातळीवर आली. सहा आठवड्यांनी तो पलंगावर आडवा झोपत होता. अंगठ्याची ताकद अजून चारच होती, म्हणून आधीच घेऊन ठेवलेली सर्जनची तारीख रद्द न करता दीड महिना पुढे घेतली आणि दर आठवड्याला टाचांवर दहा पावलं चालून बघायला सांगितलं. डावं पाऊल घसरू लागलं तर त्या तारखेची वाट न बघता यायचं ठरलं आहे.